शिक्षकदिनाचं मनोगत: आठवण शोधायची कशी, मांडायची कशी

प्रश्न: मी दहावीत आहे. ५ सप्टेंबरच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांतर्फे मनोगत माझ्याकडे आलंय, चार मिनिटं मिळतील. नेटवरची सगळी भाषणं सारखीच वाटतात. मला आमच्या शिक्षकांच्या खऱ्या आठवणी सांगायच्या आहेत, पण लिहायला बसले की 'छान शिकवतात, समजून घेतात' याच्या पुढे काही सुचत नाही. शिवाय शिक्षक सोळा आहेत. दोघातिघांबद्दलच बोलले तर बाकीच्यांना वाईट वाटेल. काय करू?

उत्तर:

आधी 'सुचत नाही' याचं बघू. तू स्वतःला विचारते आहेस की आमचे सर चांगले का आहेत. या प्रश्नाला विशेषणंच उत्तर म्हणून येतात. प्रेमळ, शिस्तप्रिय, मनमिळाऊ. आठवण हवी असेल तर प्रश्नच बदलावा लागतो. सर दिवसातून दहा वेळा कुठलं वाक्य म्हणतात? खडू संपला की काय करतात? वर्गात शिरल्यावर आधी कुठे बघतात? शाळा सुटल्यावर, घरी, एसटीत, क्लासमध्ये सरांचा आवाज कधी कानात येतो? या शेवटच्या प्रश्नाने सगळ्यात जास्त माल मिळतो, कारण तिथे सरांचा तुझ्यावर झालेला परिणाम आयताच सापडतो.

एकटीने वही घेऊन बसू नकोस. एखादा ऑफ तास बघ आणि पाच-सहा जणांना घेऊन बस. शक्यतो वेगवेगळ्या बाकांवरचे असू देत. पहिल्या बाकावरच्यांना शिक्षकांचं शिकवणं आठवतं आणि शेवटच्या बाकावरच्यांना शिक्षक आठवतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. एकाने एक गोष्ट काढली की दुसरा म्हणतो, 'नाही रे, तेव्हा पाऊस होता, आपण लायब्ररीत बसलो होतो,' आणि गोष्ट आपोआप भरत जाते. तू फक्त शब्द टिपून घे, वाक्यं नंतर करता येतात. घरी आठवी-नववीच्या वह्या असतील तर त्याही काढ. लाल शाईतले शेरे नीट वाच. 'छान' आणि 'अक्षर सुधारा' सोडून जे काही लिहिलेलं असेल ते तुझ्या कामाचं.

आता एक उदाहरण जवळून दाखवते. माझ्याकडे मनोगत बसवायला आलेल्या एका मुलीने पहिल्यांदा असं लिहून आणलं होतं: 'आमचे भूमितीचे सर कठीण विषयही अतिशय सोप्या पद्धतीने समजावून सांगतात. ते आमच्या आयुष्यातील दीपस्तंभ आहेत.' यात चूक काही नाही. पण सरांच्या जागी भूगोलाच्या बाई ठेवल्या तरी ते तसंच चालतं आणि शेजारच्या गावातल्या शाळेतही चालतं. मी विचारलं, सर वर्गात सारखं काय म्हणतात? ती लगेच म्हणाली, "'कारण?' असं विचारतात." कधी? "सिद्धता लिहिताना. ओळ लिहिली आणि पुढे कंसात कारण लिहिलं नाही की." अजून कुठे विचारतात का? इथे ती हसायला लागली. "उशिरा आलं की पण विचारतात. म्हणतात, कारण कंसात लिहून आण." मग कुणी आणलं का खरंच? एका मुलाने आणलं होतं. चिठ्ठीचं काय झालं, हे मी विचारलं आणि तिने सांगितलं. एवढ्या पाच प्रश्नांत आमचा परिच्छेद तयार झाला. शेवटचा प्रश्न फक्त राहिला होता, की शाळेबाहेर सरांचं हे 'कारण?' तुला कधी ऐकू आलं? त्याला तिने दोन दिवस घेतले.

तिने शेवटी म्हटलेला परिच्छेद साधारण असा होता:

'भूमितीच्या तासाला दोन कोन एकरूप आहेत असं नुसतं म्हणून चालत नाही. सर फळ्याकडे तोंड करूनच विचारतात, "कारण?" मग कंसात लिहायचं, व्युत्क्रम कोन. नववीत आमचा एक मित्र उशिरा आला. सर म्हणाले, कारण कंसात लिहून आण. त्याने खरंच लिहून आणलं: मी उशिरा आलो, कंसात, एसटी बंद पडली. सरांनी लाल पेन काढलं, बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, "अर्धा गुण. एसटी रोज बंद पडत नाही." परवा घरी बाबांनी मला विचारलं, अकरावीला सायन्सच का घ्यायचंय? मी म्हटलं, सगळेच घेतात. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी "कारण?" म्हणाल्यासारखं झालं. सर, तुम्ही नव्हता तिथे. पण मी अजून कारण शोधतेय. धन्यवाद, सर.'

यात सरांचं कौतुक करणारं एकही विशेषण नाही, हे बघ. सर कडक आहेत, मिश्कील आहेत, मुलांना विचार करायला लावतात, हे सगळं ऐकणाऱ्याला कळतं, पण तिने ते म्हटलेलं नाही. 'यावरून आम्ही शिकलो की प्रत्येक गोष्टीमागे कारण असावे' असं वाक्य तिच्या आधीच्या खर्ड्यात होतं. ते मी काढायला लावलं. चिठ्ठीच्या गोष्टीवर सगळे हसलेले असताना त्यांना पुन्हा तात्पर्य सांगितलं की हसू तिथेच विझतं.

दुसरी गोष्ट जरा बारीक आहे, पण मंचावर तिचा फरक फार पडतो. परिच्छेदाच्या सुरुवातीला ती 'सर विचारतात', 'सरांनी लिहिलं' असं म्हणते, म्हणजे ती आपल्याशी, समोरच्या मुलांशी बोलते आहे. शेवटी ती 'सर, तुम्ही' वर येते. त्या वाक्याला तिने मान वळवून शिक्षक बसले होते तिकडे पाहिलं. गोष्ट मुलांकडे बघून सांगायची आणि आभार शिक्षकांकडे बघून मानायचे. सगळं भाषण 'तुम्ही आम्हाला घडवलंत, तुम्ही आम्हाला शिकवलंत' असं केलंस तर पाचवी-सहावीची मुलं दुसऱ्या मिनिटाला चुळबुळ करायला लागतात, कारण त्यांच्याशी कुणी बोलतच नसतं. आणि सगळंच 'सरांनी, बाईंनी' असं ठेवलंस तर ते मनोगत न राहता अहवाल होतो.

आठवण भाषणात ठेवायची की नाही, हे ठरवायला मी मुलांना एवढंच बघायला सांगते की तिच्यात एखादी वस्तू आहे का आणि कुणाच्या तरी तोंडचे नेमके शब्द आहेत का. चिठ्ठी आणि 'अर्धा गुण'. हे दोन असले की वर्ग, तास, वर्ष आपोआप येतात. मराठीच्या बाईंबद्दल दुसऱ्या एका मुलाने आणलेली आठवण अशीच छोटी होती. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात त्याने मोर थुईथुई नाचवले होते. बाईंनी मोराखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, 'कुठे पाहिलास?' तो म्हणाला, मी दुसऱ्यांदा लिहिताना आमच्या पत्र्यावरून घरात गळणारं पाणी आणि त्याखाली ठेवलेली पातेली लिहिली, आणि बाईंनी पहिल्यांदाच पूर्ण पान वाचून दाखवलं. हे सांगायला पाऊण मिनिट लागतं.

तुझ्या मनात येईल की थोर माणसांची उदाहरणं तरी घालू का. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ चा आणि ते राष्ट्रपती झाले त्या १९६२ सालापासून आपण हा दिवस शिक्षकदिन म्हणून पाळतो, एवढं प्रास्ताविकात येऊन गेलेलंच असतं. तुझ्या आधी निदान दोघांनी तरी ते म्हटलेलं असेल, म्हणून तू सोडून दे. घ्यायचंच असेल तर १९२१ चा प्रसंग घे. मैसूर सोडून ते कलकत्त्याच्या विद्यापीठात निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी फुलांनी सजवलेली त्यांची गाडी घोड्यांऐवजी स्वतः ओढत रेल्वे स्टेशनपर्यंत नेली होती. त्यांच्या विद्वत्तेबद्दल लिहिलेली पानंच्या पानं लोक विसरतात आणि ही गाडी लक्षात ठेवतात. पण हाही प्रसंग बऱ्याच जणांना माहीत असतो. चार मिनिटांत त्याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त जागा देऊ नकोस, आणि तुझ्या सरांची चिठ्ठी त्याच्यामुळे कापावी लागत असेल तर चिठ्ठी ठेव.

आता सोळा शिक्षकांचा प्रश्न. मुलं इथे घाबरतात आणि यादी करतात: गणिताचे अमुक सर, विज्ञानाच्या तमुक बाई, प्रत्येकाला एक वाक्य. सोळा वाक्यांत कुणाच्याच वाट्याला काही येत नाही, आणि यादीत एखादं नाव राहिलं तर ते मात्र सगळ्यांच्या लक्षात येतं. तू तीन आठवणी पूर्ण सांग. एक वर्गातली, एक वर्गाबाहेरची, म्हणजे सहलीतली, कबड्डीच्या मैदानावरची किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीतली, आणि एक अशा माणसाची ज्याचं नाव या दिवशी सहसा कुणी घेत नाही. प्रयोगशाळेतले सहायक, ग्रंथपाल, कार्यालयातल्या बाई, घंटा देणारे मामा. तिसरी आठवण आली की सभागृहाचा नूर बदलतो, हे मी दरवर्षी पाहते.

उरलेल्या सगळ्यांसाठी एक छोटा परिच्छेद कर, ज्यात नाव कुणाचंच नाही, फक्त आवाज आहेत. एका बॅचने शाळेचा एक दिवस असा बांधला होता: 'पहिल्या तासाला "इन इंग्लिश प्लीज". दुसऱ्या तासाला "हात लावू नका, आधी नुसतं बघा". मधल्या सुट्टीनंतर डोळे मिटायला लागले की "खिडकीबाहेर कुठला इतिहास घडतोय?" चित्रकलेला "खोडरबर आत ठेवा, चुकलेली रेघ राहू दे". आणि मैदानावर, आम्ही दहावीत गेलो तरी, "एक हात अंतर, नजर समोर!"' प्रत्येक वाक्याला मुलं त्या त्या शिक्षकांकडे वळून बघत होती आणि शिक्षक आपापलं वाक्य ओळखून एकमेकांना कोपर मारत होते. मिनिटभरात सगळे आले. फक्त असं करताना शिक्षकांची पूर्ण यादी शेजारी ठेव आणि एकेका नावापुढे खूण करत जा. जूनमध्ये नव्याने आलेल्या शिक्षकांबद्दल दहावीच्या मुलांना काही माहीत नसतं. ते ज्या वर्गाला शिकवतात त्या वर्गात जाऊन विचार. सातवीची मुलं असली वाक्यं फार उत्साहाने पुरवतात. वाक्य नक्की कसं आहे ते दोघातिघांकडून पडताळून घे, कारण शब्द थोडा जरी बदलला तरी शिक्षकांना ते आपलं वाटत नाही.

काय सांगायचं नाही, याबद्दल मात्र मी फार कडक आहे. नक्कल करू नकोस. वाक्य सांगायचं, पण आवाज, लकब, चालणं, बोलण्यातला दोष यांची नक्कल नको. ती गॅदरिंगला, आणि तिथेही विचारून. मुलांनी पाडलेली टोपणनावं तर अजिबात नकोत, ती शिक्षकांना माहीत असली तरी. मार खाल्ल्याच्या आठवणी माजी विद्यार्थी हसत हसत सांगतात, 'सरांची छडी होती म्हणून घडलो' वगैरे. तुमच्या बाबतीत ते चालणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला मनाई केली आहे. पहिल्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी आणि कधी कधी गटशिक्षणाधिकारीही बसलेले असतात. तू प्रेमाने सांगितलेली ती गोष्ट सरांना घाम फोडेल.

असंच एक गोड संकट मामांच्या बाबतीत येतं. 'आम्ही उशिरा आलो तरी मामा हळूच फाटक उघडतात' ही आठवण मुलांना हमखास सुचते. मुख्याध्यापकांसमोर ती म्हटली म्हणजे मामांची तक्रार केल्यासारखंच झालं. चांगुलपणातून नियम वाकवलेला असेल तर तो प्रसंग सोड आणि त्याच माणसाचा दुसरा शोध. मामांना सगळ्या वर्गांच्या पंख्यांचे आवाज ओळखू येतात, किंवा परीक्षेच्या दिवशी घंटा देण्याआधी ते एकदा घड्याळाकडे आणि एकदा आपल्या वर्गाकडे बघतात, असं काहीतरी नीट पाहिलं तर मिळतंच.

पैशांच्या मदतीची गोष्ट सगळ्यात नाजूक. एखाद्या सरांनी कुणाची फी भरली असेल, बूट घेऊन दिले असतील, तर ते सांगण्याचा मोह होतो, कारण त्यावर टाळ्या नक्की मिळतात. पण ज्याला मदत मिळाली तो मुलगा त्याच सभागृहात बसलेला असतो, आणि नाव घेतलं नाही तरी वर्गाला माहीत असतं. त्या मुलाने स्वतः 'सांग' म्हटलं नसेल तर ती आठवण तुझी नाही. शिक्षकांच्या घरातलं दुःख, आजारपण यालाही हाच न्याय. खर्डा तयार झाला की सांस्कृतिक विभागाच्या शिक्षकांना एकदा दाखवून घे. ज्या सरांची आठवण आहे त्यांना मात्र दाखवू नकोस, नाहीतर ते स्वतःच संकोचाने अर्धं कापून टाकतील.

आणखी एक घोटाळा मुलांच्या लक्षात येत नाही. आठवण सुरू होते बाईंपासून आणि संपते स्वतःपाशी. 'बाईंनी माझं नाव वक्तृत्व स्पर्धेला दिलं, मी खूप तयारी केली, मला पहिला क्रमांक मिळाला, माझा फोटो पेपरात आला.' यात बाईंचं क्रियापद एकच आहे, बाकी सगळी 'मी'ची. लिहून झाल्यावर शिक्षकांची क्रियापदं मोज. त्यांनी केलेल्या, म्हटलेल्या, टाळलेल्या गोष्टी निम्म्याहून जास्त नसतील तर तो परिच्छेद तुझ्या सत्काराचा झाला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाई शाळा सुटल्यावर रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या आणि 'मला इथे ऐकू येईल असं बोल' म्हणाल्या, एवढं सांग. क्रमांकाचं नाही सांगितलंस तरी चालेल.

सुरुवात आणि शेवट यांच्यावर फार वेळ घालवू नकोस. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक यांची नावं सूत्रसंचालकाने घेतलेली असतात. तुला 'सन्माननीय व्यासपीठ, माझे सर्व शिक्षक आणि मित्रमैत्रिणींनो' पुरेसं आहे. त्यानंतर श्लोक नको, 'मला बोलण्याची संधी दिली त्याबद्दल' नको, सरळ पहिल्या आठवणीत शीर. पहिली आठवण हसवणारी असू दे आणि सगळ्यात हळवी दुसऱ्या क्रमांकावर ठेव. शेवटी आवाजांचा परिच्छेद घेतलास तर टाळ्या मिळून भाषण मोकळ्या चेहऱ्याने संपतं. हळवी आठवण शेवटी ठेवणाऱ्या मुलांना हुंदका येतो, शेवटची ओळ तशीच राहते आणि आभार मानायचेच राहून जातात. 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' याऐवजी शेवटच्या वाक्यात दहावीच्या वतीने सगळ्या शिक्षकांना थेट धन्यवाद म्हण आणि खाली बस.

चार मिनिटं म्हणजे साधारण चारशे शब्द, पण तू साडेतीनशेच लिही. हशा आणि टाळ्यांना वेळ लागतो, आणि हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य म्हटलंस तर ते कुणालाच ऐकू जात नाही. थांबायला शिक. सप्टेंबरमध्ये पावसाची सर आली की पत्र्याच्या शेडखाली माइक असूनही काही कळत नाही. तशी वेळ आली तर एक आठवण गाळून दोनच सांगायची तयारी ठेव, आणि कुठली गाळायची ते आधीच ठरव. संपूर्ण पाठ करू नकोस. तीन छोट्या कार्डांवर फक्त खुणेचे शब्द लिही, म्हणजे 'कारण', 'चिठ्ठी', 'अर्धा गुण'. शिक्षकांच्या तोंडची वाक्यं मात्र शब्दशः पाठ हवीत.

आदल्या दिवशी हे सगळं अशा कुणाला तरी वाचून दाखव ज्याने तुमच्या शिक्षकांना पाहिलेलंच नाही. आजी, शेजारच्या काकू, दुसऱ्या शाळेतली मावसबहीण. वाचून झाल्यावर विचार, हे भूमितीचे सर कसे असतील? 'कडक दिसतात, पण गमत्या आहेत' असं काही उत्तर आलं तर झालं. 'चांगले असतील गं' एवढंच आलं, तर तो परिच्छेद त्याच रात्री पुन्हा लिही.